अर्धवट जोडण्यांची रांग आणि सिन कुकी

६ सप्टेंबर १९९६ रोजी न्यूयॉर्कमधल्या पॅनिक्स या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीची यंत्रं बाहेरच्या जगाला प्रतिसाद देईनाशी झाली. आधी मेल बंद पडली, मग वेबसाइटी आणि ग्राहकांच्या लॉगिनची यंत्रंही. कुणी आत घुसलं नव्हतं, एकही फाइल चोरीला गेली नव्हती. यंत्रं चालू होती, तारा शाबूत होत्या. तरीही नवा ग्राहक जोडला जात नव्हता, आणि हा त्रास पुढे कित्येक दिवस चालला.

या हल्ल्याला सिन फ्लड म्हणतात. तो समजून घ्यायचा तर इंटरनेटवर दोन यंत्रांची जोडणी कशी होते ते आधी पाहावं लागेल. वेब, मेल यांसारख्या बहुतेक सेवा टीसीपी नावाच्या नियमावलीवर चालत आल्या आहेत. तिच्यानुसार बोलणं सुरू होण्यापूर्वी तीन निरोपांची देवाणघेवाण होते. ग्राहकाचं यंत्र 'सिन' पाठवतं, म्हणजे 'मला जोडायचं आहे'. सर्व्हर 'सिन-ॲक' पाठवतो, म्हणजे 'तुझी मागणी पोचली, मी तयार आहे'. शेवटी ग्राहक 'ॲक' पाठवतो आणि जोडणी पक्की होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या निरोपामध्ये जो काळ जातो, त्यात जोडणी अर्धवट असते. समोरून ॲक येईल तेव्हा तो कोणत्या मागणीचा, हे सर्व्हरला ओळखता यायला हवं. म्हणून तो समोरचा पत्ता, पोर्ट आणि दोन्ही बाजूंचे सुरुवातीचे क्रमांक आपल्या मेमरीत नोंदवून ठेवतो. अशा नोंदींची एक रांग असते आणि तिला मर्यादा असते. एरवी ॲक सेकंदाच्या काही भागात येतो, नोंद रांगेतून बाहेर पडते, आणि छोटी रांगही मोठी गर्दी सहज सांभाळते.

हल्लेखोर नेमकं इथेच बोट घालतो. तो सिन पाठवतो, पण पाठवणाऱ्याच्या जागी खोटा पत्ता लिहितो. सर्व्हर इमानाने त्या खोट्या पत्त्यावर सिन-ॲक धाडतो. त्या पत्त्यावर खरंच एखादं यंत्र चालू असेल, तर ते 'मी असं काही मागितलंच नव्हतं' असं कळवतं आणि नोंद लगेच पुसली जाते. म्हणून हल्लेखोराला हवे असतात ते जिथून काहीच उत्तर येणार नाही असे पत्ते. मग सर्व्हर वाट पाहतो, निरोप हरवला असेल असं समजून पुन्हा पाठवतो, पुन्हा वाट पाहतो.

ही वाट किती लांब असते? लिनक्समध्ये मूळ सेटिंग न बदलता ठेवली, तर सिन-ॲक आणखी पाच वेळा पाठवला जातो आणि दर खेपेला थांबण्याचा काळ दुप्पट होतो. एक, दोन, चार, आठ, सोळा आणि शेवटी बत्तीस सेकंद. एकूण ६३ सेकंद ती नोंद जागा अडवून बसते. समजा रांगेत २५६ जागा आहेत. तेवढ्या जागा ६३ सेकंद भरलेल्या ठेवायला सेकंदाला चारहून थोडे जास्त सिन पुरतात. एक सिन जेमतेम ४० बाइटचा असतो. म्हणजे १९९६ सालच्या साध्या टेलिफोन मोडेमवरूनही यापेक्षा कितीतरी जास्त सिन पाठवता येत होते. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांची रांग तर याहून खूपच लहान असे. हल्ला करणाऱ्याचा खर्च नगण्य आणि सोसणाऱ्याचं नुकसान पूर्ण, अशी ही विषम लढाई होती.

असा हल्ला ओळखायचा कसा? प्रोसेसरवर ताण दिसत नाही, तारेवर फार रहदारीही दिसत नाही. आधीच जोडलेल्यांचं काम सुरळीत चालू असतं, फक्त नव्याला प्रवेश मिळत नाही. लिनक्सवर अर्धवट जोडण्यांची यादी अशी पाहता येते:

```
ss -n state syn-recv
```

एरवी इथे तुरळक ओळी असतात. हल्ल्याच्या वेळी शेकडो दिसतात, आणि बहुधा त्यांतले पत्ते एकमेकांशी काही संबंध नसलेले असतात.

रांग मोठी करणं किंवा वाट पाहण्याचा काळ कमी करणं हे पहिले उपाय. त्यांनी हल्लेखोराला थोडे जास्त सिन पाठवावे लागतात, एवढंच. काळ फार कमी केला तर दूरचे, संथ जोडणीवरचे खरे ग्राहकच बाहेर राहतात. मुळावर घाव घातला तो त्याच सप्टेंबरमध्ये डॅनियल बर्नस्टाइन आणि एरिक शेंक यांनी मांडलेल्या कल्पनेने. सर्व्हरने नोंद ठेवूच नये. जे लक्षात ठेवायचं ते सिन-ॲकमध्येच लिहून ग्राहकाच्या हाती द्यावं. वहीत नाव टिपण्याऐवजी आपल्या खुणेची चिठ्ठी देऊन माणसाला परत पाठवावं आणि तो चिठ्ठी घेऊन आला की खूण तपासून आत घ्यावं, तसं.

चिठ्ठी लिहायला जागा आधीपासून होती. प्रत्येक सिन-ॲकमध्ये सर्व्हर स्वतःचा ३२ बिटांचा सुरुवातीचा क्रमांक पाठवतो आणि ग्राहकाला ॲकमध्ये तोच क्रमांक एकने वाढवून परत द्यावा लागतो. हा क्रमांक कोणता असावा हे सर्व्हरच ठरवतो. बर्नस्टाइन यांच्या मांडणीत त्यातले पाच बिट दर ६४ सेकंदांनी पुढे सरकणाऱ्या घड्याळासाठी आहेत. तीन बिट एका तुकडीत जास्तीत जास्त किती बाइट पाठवायचे हे सांगतात. उरलेल्या २४ बिटांत दोन्ही बाजूंचे पत्ते, पोर्ट, घड्याळ आणि फक्त सर्व्हरला ठाऊक असलेलं गुपित यांवरून गणिताने काढलेली खूण असते.

ॲक आला की सर्व्हर त्यातून एक वजा करतो, तेच गणित पुन्हा करतो आणि खूण जुळते का पाहतो. घड्याळ फार जुनं असेल तर चिठ्ठी बाद. जुळली तर जोडणी तिथल्या तिथे तयार होते. खोटा पत्ता लिहिणाऱ्याकडे सिन-ॲक पोचतच नाही, त्यामुळे त्याला खूण कळत नाही. अंदाजाने ती लागण्याची शक्यता प्रत्येक प्रयत्नाला कोटीत एकाहूनही कमी असते.

या युक्तीची किंमतही आहे. तीन बिटांत तुकडीच्या आकाराचे आठच पर्याय मावतात. वेग वाढवणाऱ्या, सिनमध्ये आलेल्या इतर सोयींना जागाच उरत नाही. लिनक्स त्यांतल्या काही टाइमस्टॅम्पच्या रकान्यात बसवतो, पण ग्राहक तो रकाना वापरत असेल तरच. शिवाय नोंद नसल्याने सर्व्हर सिन-ॲक पुन्हा पाठवू शकत नाही. मेल किंवा एसएसएचसारख्या, सर्व्हरने आधी बोलायच्या सेवेत ग्राहकाचा ॲक वाटेत हरवला, तर ग्राहक जोडणी झाली समजून ताटकळत राहतो. म्हणूनच लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगनुसार रांग भरल्यावरच कुकी वापरात येते.

रांग वाचवणं हे कुकीचं काम, तार वाचवणं नव्हे. सिनचा इतका लोंढा आला की येणारी लाइनच तुंबली, तर निरोप सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. आणि हजारो ताब्यात घेतलेली यंत्रं स्वतःच्या खऱ्या पत्त्यावरून तिन्ही निरोप पूर्ण करत असतील, तर त्यांची चिठ्ठी अस्सलच ठरते. खोट्या पत्त्यांचा बंदोबस्त सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या दारातच व्हायला हवा. आपल्या जाळ्यातून बाहेर पडणाऱ्या निरोपावर आपल्याच ग्राहकाचा पत्ता आहे का, हे प्रत्येकीने तपासावं, अशी शिफारस जानेवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ही तपासणी न करणाऱ्या कंपनीला स्वतःला काहीच झळ लागत नाही, झळ लागते ती दूरच्या कुणाला तरी. त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्याने शेजाऱ्याच्या शिस्तीवर विसंबू नये: कुकीची सोय चालू ठेवावी, आणि समोरच्याने आपला पत्ता खरा असल्याचं दाखवेपर्यंत त्याच्यासाठी मेमरीची जागा अडवू नये.