टोमॅटो तिप्पट, तरी महागाई साडेसात टक्के?

महागाई या विषयावर कुठेही बोलायला उभं राहिलं की समोरून एक प्रश्न हमखास येतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला होता आणि त्याच महिन्याचा महागाईचा सरकारी दर होता ७.४४ टक्के. ‘बाजारात एकदा फिरून तरी बघा म्हणावं,’ असं मागच्या रांगेतून कुणीतरी सुनावतं. राग खराच असतो. पण सरकारी आकडाही खोटा नसतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उलगडायला सगळ्यात सोपं साधन म्हणजे महिन्याची वाणसामानाची यादी.

नमुन्यादाखल चार माणसांचं एक घर धरू. भाव हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. गेल्या वर्षी या घराचं किराणा, दूध आणि भाजी मिळून महिन्याचं बिल पाच हजार रुपये होतं. यंदा तेच जिन्नस, तेवढ्याच मापात घेतले. तीन किलो तूरडाळीला ३३० रुपये लागायचे, आता ४५० लागले. रोजच्या लिटरभर दुधाचे १६२० वरून १७४० झाले. चार लिटर गोडंतेल मात्र ६८० वरून ५२० वर उतरलं. चार किलो टोमॅटो ४० रुपये किलोने १६० ला यायचे, ते १२० च्या भावाने ४८० ला पडले. तांदूळ, गहू, साखर, चहा, मसाले, साबण हे सगळं थोडं थोडं वाढलं. एकूण बिल झालं ५६०० रुपये.

पाच हजारांवर सहाशे रुपये वाढले, म्हणजे बारा टक्के. ही झाली या घराच्या किराण्याची महागाई. आता या सहाशे रुपयांची फोड करून पाहा. त्यातले ३२० रुपये एकट्या टोमॅटोचे आहेत. टोमॅटो बाजूला काढला, तर बाकीचं बिल ४८४० वरून ५१२० वर गेलं, म्हणजे जेमतेम सहा टक्क्यांनी वाढलं. टोमॅटोचा भाव तिप्पट झाला, तरी मूळ पाच हजारांत त्याचा वाटा १६० रुपयांचाच होता. वस्तू किती महागली आणि तिच्यावर आपण किती खर्च करतो, या दोहोंच्या गुणाकारातून महागाई ठरते. अर्थशास्त्रात या वाट्याला ‘भार’ म्हणतात.

सरकार ग्राहक किंमत निर्देशांक काढतं तेही असंच. खेड्यापाड्यांतल्या आणि शहरांतल्या ठरलेल्या बाजारांतून दर महिन्याला भाव गोळा करायचे आणि प्रत्येक वस्तूला तिच्या भाराने गुणायचं. फरक इतकाच, की सरकारी टोपली फक्त स्वयंपाकघराची नसते. २०२३ मध्ये वापरात असलेल्या टोपलीत शंभरातले सुमारे ४६ खाण्यापिण्याचे होते. उरलेल्यात घरभाडं, कपडे, इंधन, प्रवास, औषधं, शाळेची फी, फोन असं सगळं येत होतं. सगळ्या भाजीपाल्याचा भार सहाच्या आसपास, आणि टोमॅटोचा अर्ध्याहून किंचित जास्त. त्या जुलैत भाजीपाला वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे ३७ टक्के महाग होता आणि टोमॅटो तिपटीवर पोहोचला होता. तरीही एकूण आकडा साडेसातच्या आत राहिला.

आपल्या घराचा सगळाच खर्च मोजू. समजा तो महिन्याला वीस हजार आहे. किराण्याचे पाच हजार बारा टक्क्यांनी वाढले आणि बाकीचे पंधरा हजार चार टक्क्यांनी. दोन्हीकडे सहाशेच रुपये वाढले. एकूण वाढ बाराशे, म्हणजे सहा टक्के. शेजारचं घर दहा हजारांत भागवतं, पण किराण्याचं बिल त्याचंही पाच हजारच. तिथे किराण्याचे सहाशे आणि बाकीचे दोनशे मिळून आठशे रुपये वाढले, म्हणजे आठ टक्के. दुकान एक, भाव एक, तरी ज्याची मिळकत कमी त्याला महागाई जास्त, कारण त्याच्या खर्चात खाण्याचा वाटा मोठा. देशाचा एकच आकडा ही अशा अनेक घरांची सरासरी असते. आपलं घर नेमकं त्या सरासरीवर असेल, असं नाही.

दुसरा घोळ होतो तो महागाई ‘कमी झाली’ असं बातम्यांत ऐकल्यावर. पुढच्या वर्षी टोमॅटो ६० रुपयांवर आला असं धरू. चार किलोचे २४० झाले. बाकीचं बिल पाच टक्क्यांनी वाढून ५३७६ वर गेलं. एकूण ५६१६. वर्षभरात फक्त सोळा रुपयांची वाढ, म्हणजे महागाई जवळजवळ शून्य. पण दोन वर्षांपूर्वीच्या पाच हजारांशी ताडून पाहिलं, तर घर अजूनही बारा टक्के जास्तच मोजतं आहे. महागाईचा दर हा भाव चढण्याचा वेग आहे. वेग मंदावला म्हणून चढलेला भाव खाली येत नाही. शिवाय तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी होते. तो महिना फार महाग असला, तर यंदाचा आकडा आपोआप लहान दिसतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाचा दर पाव टक्क्यावर आला, तेव्हा अन्नपदार्थांच्या उतरलेल्या भावांबरोबर आदल्या वर्षीच्या महाग ऑक्टोबरचाही त्यात हात होता.

टोपलीच्या काही मर्यादाही आहेत. तिच्यात वस्तूंची मापं ठरलेली असतात, माणसं मात्र भाव बघून हात आखडता घेतात. टोमॅटो १२० झाला की आमटीत आमसूल पडतं आणि चार किलोंचा एक किलो होतो. बिल कमी दिसतं, पण ती महागाई कमी झाल्याची खूण नव्हे. दुसरं, टोपली जुनी होते. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेली टोपली २०११-१२ च्या घरखर्च सर्वेक्षणावरून बनली होती. तेव्हा गावाकडच्या खर्चात खाण्याचा वाटा सुमारे ५३ टक्के होता. २०२२-२३ च्या सर्वेक्षणात तो ४६ वर आला. शहरात तो ४३ वरून ३९ झाला. म्हणूनच २०२४ हे पायाभूत वर्ष धरून टोपली नव्याने भरायचं ठरलं.

तिसरी गोष्ट पुडीच्या वजनाची. दहा रुपयांची पुडी दहालाच मिळते, पण शंभर ग्रॅमची ऐंशी ग्रॅम झालेली असते. शंभर ग्रॅमला आता साडेबारा रुपये पडले, म्हणजे पुडीवरची किंमत तीच असताना माल पंचवीस टक्क्यांनी महागला.

स्वतःच्या घराचा आकडा काढायचा असेल, तर वहीत नुसती बिलाची रक्कम लिहून भागत नाही. वस्तू, वजन आणि दर असे तीन रकाने लागतात. एका महिन्याची यादी पक्की धरा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, प्रत्यक्षात कमी घेतलं असलं तरी, जुन्याच मापाला नवा दर लावून बेरीज करा. मग वाढीत मोठा वाटा कोणाचा ते पाहा. एकाच भाजीचा असेल, तर नवं पीक बाजारात आलं की तो उतरण्याची शक्यता मोठी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने व्याजदर साडेसहा टक्क्यांवरच ठेवला, कारण व्याज वाढवून टोमॅटो पिकत नाहीत. सप्टेंबरमध्ये दर पाच टक्क्यांपर्यंत खाली आलाही. पण दूध, डाळ, फी, भाडं, औषधं असं सगळंच थोडंथोडं वर सरकलेलं दिसलं, तर ती वाढ सहसा परत फिरत नाही. पगार किंवा पेन्शन वाढवून मागताना पुढे करायचा आकडा तोच.