केस स्टडीचे उत्तर : मसला, तजझिया, फैसला, सबक

एमबीए, बीबीए किंवा बी.कॉम.ची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट आम्हाला नेहमी दिसते. केस स्टडीच्या प्रश्नात ते दिलेला मजकूरच आपल्या शब्दांत पुन्हा सांगतात. दोन पाने भरतात, पण गुण मिळत नाहीत. परीक्षकाने ती हकीकत वाचलेलीच असते. त्याला चार गोष्टी हव्या असतात : समस्या, विश्लेषण, निर्णय आणि धडे. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना आम्ही त्या मसला, तजझिया, फैसला, सबक अशा लक्षात ठेवायला सांगतो.

आपल्या वऱ्हाडाचेच उदाहरण घेऊ. कास्तकाराला व्यापाऱ्याच्या भावावर सोडू नये, म्हणून महाराष्ट्र सरकारने 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. राज्यातला कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघाने हमी दराने घ्यायचा, जिनिंग करून रुईच्या गाठी विकायच्या, असा कायदा होता. खासगी व्यापाऱ्याला खरेदीची मनाई होती. पुढे योजना हजारो कोटींच्या तोट्यात गेली. अकोला-अमरावतीच्या अनेक घरांना ते दिवस आठवत असतील. समजा, ही केस पेपरात आली आणि तुम्हाला 1990 नंतरच्या काळातला महासंघाचा प्रमुख मानले.

मसला. बहुतेक जण लिहितात, ‘योजना तोट्यात होती.’ हा ताप झाला, आजार नव्हे. समस्या एका वाक्यात लिहा आणि निर्णय कोणाला, कशाबद्दल घ्यायचा आहे ते त्यात येऊ द्या : ‘मक्तेदारी एकाच राज्यापुरती असताना हमी दर आणि बाजारदर यांतला फरक महासंघाने कसा सांभाळावा?’ याला दोन-तीन ओळी पुरेत.

तजझिया. इथे घटना नव्हे, कारणे लिहायची. पहिले कारण सीमेचे. हमी दर बाजारापेक्षा जास्त असला की शेजारच्या राज्यातला कापूस आपल्या केंद्रांवर येई. बाहेर भाव जास्त असला की आपला चांगला कापूस बाहेर जाई. म्हणजे महाग घेण्याच्या वर्षी माल जास्त आणि कमाईच्या वर्षी माल कमी. दुसरे कारण, खरेदीचा दर सरकार ठरवी आणि विक्रीचा दर बाजार. समजा, क्विंटलमागे 400 रुपये कमी मिळाले, तर दहा लाख क्विंटलवर 40 कोटींचा खड्डा पडतो. नफ्याच्या वर्षी मात्र बोनस वाटला जाई, म्हणून भाव चढ-उतार निधीत पुरेशी शिल्लक राहत नसे. तिसरे कारण, चुकारे उशिरा मिळत. ज्याला पैशाची निकड असे, तो कायदा असूनही व्यापाऱ्याकडे जाई. उत्तराचा जवळजवळ अर्धा भाग इथे द्यावा.

फैसला. आधी पर्याय मांडा : सीमेवर पहारा वाढवणे, योजना बंद करणे, किंवा मक्तेदारी सोडून महासंघाला आधारभूत किमतीचा खरेदीदार म्हणून ठेवणे. मग एकच निवडा. तिसरा निवडलात, तर प्रत्येक कारणाला त्याने काय उत्तर मिळते ते सांगा. व्यापारी आला की निकडीच्या कास्तकाराला उघड वाट मिळते. बाहेर भाव चढला तरी कापूस चोरून नेण्याचे कारण राहत नाही. पण बाजार पडला की महासंघाचा तोटा उरतोच, आणि बाजार चढला की त्याच्याकडे कापूस येत नाही. ही किंमतही लिहा. ती लपवली की निर्णय कच्चा वाटतो. सरकारने 2002 मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा दिली, हे शेवटी एका ओळीत यावे. ‘पुढे तसेच झाले, म्हणून माझा निर्णय बरोबर’ हा पुरावा नव्हे. निर्णय त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरच उभा राहिला पाहिजे.

सबक. दोनच धडे लिहा. एक : मक्तेदारीची हद्द बाजाराच्या हद्दीपेक्षा लहान असेल, तर माल भावाच्या मागे सरकतो. दुसरा : तोटा सोसण्याची हमी देणाऱ्याने चांगल्या वर्षीची शिल्लक आधी बाजूला काढावी. ‘नियोजन चांगले हवे’ असे वाक्य कोणत्याही केसला चालते, म्हणून ते धडा ठरत नाही.

उत्तर संपल्यावर दोन मिनिटे राखून ठेवा. विश्लेषणातल्या प्रत्येक कारणावर बोट ठेवून निर्णयात त्याचे उत्तर शोधा. ज्या कारणाला उत्तर सापडत नाही, त्यावर निर्णयात एक ओळ वाढवा. निर्णयाने ते सुटत नसेल, तर तसे स्पष्ट लिहा.