स्टेशन, तिकीट आणि स्कूल : शब्द आला, पण अर्थ किती आला?



पुण्यात मंडईजवळ रिक्षात बसून ‘काका, स्टेशनला घ्या’ एवढंच म्हणून बघा. ‘कोणत्या स्टेशनला?’ असं सहसा कुणी विचारत नाही. शहरात पोलीस स्टेशनं आहेत, शिवाजीनगरलाही रेल्वे थांबते, मार्च २०२२ पासून मेट्रोची स्टेशनंही आहेत. तरी रिक्षा निघते ती पुणे स्टेशनकडेच. नुसतं ‘स्टेशन’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात रेल्वेच येते. बाकीच्या स्टेशनांना आधी ‘पोलीस’, ‘मेट्रो’ असं काहीतरी जोडावं लागतं.

इंग्रजीत हा शब्द एवढा अरुंद नाही. तिथे बस, पोलीस, अग्निशमन दल, वीजनिर्मिती, रेडिओ या सगळ्यांची ‘स्टेशनं’ असतात. मग मराठीत येताना बाकीचे अर्थ कुठे गळाले? वर्गात हा प्रश्न घेण्यासारखा आहे, कारण मुलं इंग्रजी वाचताना जिथे अडखळतात त्यातल्या काही जागा इथेच सापडतात.

शब्द येतो तो एका प्रसंगातून

परका शब्द आपल्याकडे शब्दकोशातून येत नाही. तो एखाद्या वस्तूबरोबर किंवा कामाबरोबर येतो आणि त्या कामापुरताच अर्थ घेऊन येतो. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५८ साली रेल्वे पुण्यापर्यंत पोचली. गाडी थांबते, माणसं चढतात-उतरतात, फलाट असतो, अशी जागा आपल्याकडे आधी नव्हती. त्या नव्या जागेला नवं नाव मिळालं, ‘स्टेशन’.

पोलिसांच्या जागेसाठी मात्र आपल्याकडे ‘ठाणं’ आणि ‘चौकी’ हे शब्द होतेच. तिथे ‘स्टेशन’ला एकट्याने बसायला जागा मिळाली नाही. ‘पोलीस स्टेशन’ हा जोडशब्द आला, पण ‘त्याला स्टेशनवर नेलं’ असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला पोलीस आठवत नाहीत.

पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. इंग्रजीत बसच्या अशा मोठ्या तळालाही ‘स्टेशन’ चालतं. पण आपल्याकडे तो शब्द तोवर रेल्वेने व्यापला होता. एसटीच्या जागेला लोक ‘स्टँड’ म्हणू लागले. शहरातल्या बसच्या थांब्याला ‘स्टॉप’ म्हणतात आणि गाड्या रात्री जिथे उभ्या राहतात त्याला ‘डेपो’. म्हणून पुणेकर ‘स्वारगेट स्टँडवर उतरलो’ म्हणतो, ‘स्वारगेट स्टेशनवर’ म्हणत नाही. आता तिथे मेट्रोही आली आहे, त्यामुळे ‘स्वारगेट मेट्रो स्टेशन’ असं पूर्ण नाव घ्यावं लागतं.

म्हणजे शब्दाचा अर्थ किती येणार हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, तो कोणत्या कामासाठी आला. दुसरी, आजूबाजूच्या जागा आधीच कुणी अडवल्या आहेत का.

आता पाट्या बघा. त्यांवर ‘पुणे रेल्वे स्थानक’ आणि ‘स्वारगेट बसस्थानक’ असं लिहितात. ‘स्थानक’ शब्द चांगला आहे, पण तो रेल्वे आणि बस दोन्हींना चालतो. त्यामुळे ‘स्थानकावर भेटू’ म्हटलं तर समोरचा विचारेल, कोणत्या? ‘स्टेशनवर भेटू’ आणि ‘स्टँडवर भेटू’ यांत हा घोटाळा होत नाही. बोलण्यात हे दोन इंग्रजी शब्द टिकून आहेत याचं एक कारण हे आहे. ते मराठीत एक फरक दाखवतात, आणि तो फरक ‘स्थानक’ एकट्याने दाखवू शकत नाही.

मुलांना जाता जाता एक गंमतही सांगता येईल. ‘ठाणं’ आणि ‘स्थानक’ संस्कृतमधल्या ‘स्था’ म्हणजे उभं राहणं या धातूशी जोडलेले आहेत. इंग्रजी ‘स्टेशन’ ज्या लॅटिन शब्दातून आला, तोही त्याच जुन्या मुळाचा. तेव्हा ‘ठाणे स्टेशन’ म्हणताना आपण एकाच मुळाचे दोन शब्द शेजारी ठेवत असतो.

तिकीट : मधला अर्थ टिकला, शेजार बदलला

‘तिकीट’चं तसं अरुंद झालं नाही. बस, रेल्वे, नाटक, सिनेमा, लॉटरी या सगळ्यांना तिकीट लागतं. पैसे देऊन मिळवलेला हक्काचा कागद हा मूळ गाभा मराठीत जसाच्या तसा टिकला. निवडणुकीतलं पक्षाचं तिकीटही इंग्रजीसारखंच आलं.

पण कडा बदलल्या. इंग्रजीत दुकानातल्या कपड्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीलाही ‘तिकीट’ म्हणतात, आणि वाहतुकीचा नियम मोडल्यावर हातात पडणाऱ्या दंडाच्या कागदालाही. आपण पहिल्याला ‘लेबल’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘पावती’ किंवा ‘चलन’. उलट पाकिटावर चिकटवतो ते टपालाचं तिकीट. इंग्रजीत त्याला वेगळाच शब्द आहे, ‘स्टँप’. तो शब्द आपल्याकडेही आला, पण ‘स्टँप पेपर’ आणि शिक्का यांच्या कामाला लागला. म्हणजे या शब्दाने दोन अर्थ सोडले आणि एक नवा कमावला.

हे अर्थ वेगळे आहेत हे मुलांना पटवायचं असेल तर क्रियापदाकडे बघायला सांगा. प्रवासाचं तिकीट आपण ‘काढतो’. टपालाचं तिकीट ‘लावतो’. पक्षाचं तिकीट ‘मिळतं’ किंवा ‘कापलं जातं’. शब्द इंग्रजी, पण त्याला कोणतं क्रियापद लागेल हे मराठी ठरवते. म्हणूनच ‘मी तिकीट काढलं’ याचं इंग्रजी करताना एखादं मूल ‘काढणे’ म्हणजे ‘रिमूव्ह’ असं लिहून मोकळं होतं. ही चूक इंग्रजी शब्द न येण्याची नाही, ‘तिकीट’ येतोच. अडचण आहे त्याच्याबरोबरच्या मराठी क्रियापदाची.

स्कूल : शाळा असताना उरलेली जागा

तिसरा शब्द सगळ्यात बोलका आहे. रेल्वे नवी होती, शाळा नव्हती. १८४८ साली फुले दांपत्याने पुण्यात भिडे वाड्यात मुलींसाठी सुरू केली ती ‘शाळा’च. १८८० साली चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी सुरू केलेल्या संस्थेचं नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ होतं, पण तिथल्या मुलालाही ‘कुठल्या शाळेत?’ असंच विचारलं जातं.

मग ‘स्कूल’ला काय उरलं? एक तर नावं आणि जोडशब्द : हायस्कूल, प्ले स्कूल, स्कूल बस, स्कूल व्हॅन. दुसरं म्हणजे एका विशिष्ट प्रकारची शाळा. ‘तो कोणत्यातरी स्कूलमध्ये जातो’ असं कुणी म्हटलं की आपण मनात इंग्रजी माध्यम गृहीत धरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेला सहसा कुणी ‘स्कूल’ म्हणत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, मराठीत मात्र माध्यमाचा आणि कधी कधी फीचाही फरक या दोन शब्दांनी वाटून घेतला आहे. पालकांनी याकडे थोडं लक्ष द्यावं. घरात मोठ्याची ‘स्कूल’ आणि शेजारच्या मुलाची ‘शाळा’ असं सतत बोललं गेलं, तर मूल शब्दाबरोबर दर्जाही शिकतं.

विचारांच्या परंपरेलाही इंग्रजीत ‘स्कूल’ म्हणतात. तो अर्थ आपल्या बोलण्यात आला नाही, कारण गाण्यासाठी ‘घराणं’ आणि विचारांसाठी ‘पंथ’, ‘परंपरा’ होतेच. उलट ‘सरांनी आज शाळा घेतली’ म्हणजे झाडलं, यात ‘स्कूल’ घालून बघा, वाक्यच मोडतं.

शब्द किती मुरला, हे कसं ओळखायचं?

विभक्ती लावून बघा. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, तसंच ‘तिकीट’चं ‘तिकिटाला’ होतं आणि अनेकवचन ‘तिकिटं’. मराठीचा ऱ्हस्वाचा नियम त्याने निमूट पाळला. ‘हायस्कूल’चंही ‘हायस्कुलात’ ऐकू येतं. नुसतं ‘स्कूल’ मात्र ‘स्कूलमध्ये’, ‘स्कूलला’ असंच राहतं. ‘स्टेशन’ मधे उभा आहे, ‘स्टेशनात’ही चालतं आणि ‘स्टेशनवर’ही.

या कसोटीला मर्यादा आहे. ‘बस’ शंभर टक्के आपली झाली, तरी आपण ‘बसला’, ‘बसमध्ये’ असंच म्हणतो. रूप बदललं तर शब्द मुरला असं म्हणता येतं, पण बदललं नाही म्हणून तो परका ठरत नाही. म्हणून क्रियापद आणि शेजारचे शब्द हेही तपासावं लागतं.

वर्गात कसं घ्यावं?

सातवी-आठवीला एक तास पुरतो. फळ्यावर ‘स्टेशन’ लिहा आणि मुलांना नुसता तोच शब्द असलेली, घरात ऐकलेली मराठी वाक्यं सांगायला लावा. बहुतेक सगळी रेल्वेची निघतील. मग इंग्रजी शब्दकोश उघडून त्यातले सगळे अर्थ शेजारी लिहा. आता प्रत्येक उरलेल्या अर्थापुढे विचारा, ‘याला आपण काय म्हणतो?’ स्टँड, ठाणं, चौकी, केंद्र असे शब्द मुलं स्वतःच भरतात आणि रिकाम्या जागा कुणी अडवल्या हे त्यांना दिसतं.

त्यानंतर इंग्रजी गोष्टीतलं एक वाक्य द्या : पोलिसांनी चोराला पकडून ‘स्टेशन’वर नेलं. काही मुलांच्या डोळ्यांपुढे फलाट आणि गाडी येईल. अनोळखी शब्द असता तर त्यांनी शब्दकोश पाहिला असता. हा ओळखीचा वाटतो, म्हणून कुणी पाहत नाही.

निबंध तपासताना याची दुसरी बाजूही लक्षात ठेवू या. ‘आम्ही तिकिटं काढली आणि स्टेशनवर गेलो’ या वाक्यावर लाल रेघ मारायचं कारण नाही. त्यातली विभक्ती, अनेकवचन आणि क्रियापद तिन्ही अस्सल मराठी आहेत. पण ‘मी माझ्या स्कूलमध्ये फ्रेंडला मीट केलं’ असं आलं, तर शब्द खोडण्याआधी मुलाला विचारा, ‘शाळा, मैत्रीण आणि भेटणे यांनी जे सांगता आलं नसतं, असं काही या शब्दांनी सांगितलं का?’ ‘स्टेशन’ला या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘मीट केलं’ला काय उत्तर आहे, ते मुलालाच शोधू द्या.