पंपाचं औषध छातीत पोचायला हवं



परवा तपासणीच्या खोलीत ‘दमा’ हा शब्द निघाला आणि आजींचे डोळे भरून आले. त्यानंतरचं माझं बोलणं कुणाच्या कानांवर फारसं पडलं नसावं, म्हणून हे पत्र. लेकीलाही वाचून दाखवा. सात वर्षांच्या मुलीला बरंच कळतं.

निदान एका खोकल्यावरून केलेलं नाही. छातीत वरचेवर घरघर, पहाटेचा खोकला, पळाल्यावर धाप, शिवाय आजोबांना दमा. फुंकरीच्या चाचणीत आधी तिला नळीत जोरात फुंकायला लावलं, मग श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १८ टक्क्यांनी वाढली. १२ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ दम्याकडे बोट दाखवते. एक्स-रे साफ आला म्हणून शंका घेऊ नका. दम्यात तो बहुधा साफच असतो.

तिच्या श्वासनलिकांना आतून सूज आहे, आणि ती बरं वाटत असतानाही असते. त्यात सर्दी झाली, कासव छाप लावली किंवा फटाक्यांचा धूर गेला, की भोवतीचे स्नायू आवळतात आणि घरघर सुरू होते. म्हणून पंप दोन दिलेत. ब्युडेसोनाइडचा पंप सूज उतरवतो. तो रोज सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा, खोकला असो वा नसो. साल्बुटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. तो फक्त त्रास होईल तेव्हा. त्याने काही मिनिटांत बरं वाटतं, त्यामुळे पुष्कळ घरांत तोच लाडका होतो आणि रोजचा पंप कपाटात पडून राहतो. सूज मात्र तशीच राहते. पंपांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘रोजचा’ आणि ‘त्रासाचा’ असं लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. पंपातून औषध फार वेगानं सुटतं. थेट तोंडात मारलं तर बरंचसं घशावर आदळतं आणि पोटात जातं. म्हणून मध्ये स्पेसर, म्हणजे ती प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावायचाच. त्यात फवारा क्षणभर थांबतो आणि मुलीला तो सावकाश ओढता येतो.

तिला ताठ बसवा. पंप चांगला हलवून स्पेसरला जोडा. स्पेसरचं तोंड दातांमध्ये, ओठ घट्ट मिटलेले. एकच फवारा सोडा आणि नेहमीसारखे पाच-सहा श्वास त्यातूनच घेऊ द्या. दुसरा फवारा हवा असेल तर अर्ध्या मिनिटानं, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम सोडले तर ते आतल्या भिंतींना चिकटतात आणि वाया जातात. ओठांच्या कडेनं किंवा नाकातून धुरासारखं काही दिसलं, तर तो फवारा गेला नाही असं समजा. धाकट्या भावंडाला कधी लागलाच, तर स्पेसरला मास्क लावावा लागेल. रडणाऱ्या मुलाला मात्र देऊ नका. रडताना औषध छातीत नीट उतरत नाही.

रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर जिभेवर पांढरे चट्टे येतात. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसू नका; पुसल्यानं प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच चिकटतं. या पंपात २०० फवारे आहेत, म्हणजे तो १०० दिवस पुरेल. नंतरही त्यातून फुस्स आवाज येत राहतो, पण औषध असेलच असं नाही. सुरू केल्याची तारीख त्यावर लिहा.

‘स्टिरॉइड’ शब्दानं बाबा दचकले. हिशेब पाहा: मोठ्या झटक्यात २० किलोच्या मुलाला स्टिरॉइडच्या गोळ्या दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत द्याव्या लागतात. पंपातून दिवसभरात जातं ०.२ मिलिग्रॅम, त्याच्या शंभरावा भाग. वर्षानुवर्षं घेतल्यास उंचीत सेंटिमीटरभर फरक पडू शकतो, तो मी लपवणार नाही. म्हणून दर भेटीला तिची उंची मोजू. वारंवारचे झटके आणि गोळ्या यापेक्षा हे कितीतरी बरं. पंपाची सवय लागते, ही मात्र निव्वळ अफवा.

दम लागला तर त्रासाच्या पंपाचे चार फवारे, एकेक करून, स्पेसरमधूनच. उतार नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा. बरगड्या आत ओढल्या जात असतील, वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ती गळून झोपाळू झाली असेल, तर वाट पाहू नका. फवारे देत देत दवाखाना गाठा. तीन-चार तासांत पुन्हा पंप लागला तरीही या.

बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनानं थांबवू नका. साधारण तीन महिने त्रास नसेल, तर मात्रा मीच कमी करेन. चार आठवड्यांनी येताना दोन्ही पंप आणि स्पेसर घेऊन या. तिनं माझ्यासमोर एक फवारा घेऊन दाखवायचा आहे.

तुमचे डॉक्टर