पत्रा कापण्याआधीची मांडणी

गोदामातल्या रॅकच्या कोपऱ्यात, उभ्या आणि आडव्या पट्टीच्या बेचक्यात, लोखंडाचा एक लहान त्रिकोण वेल्ड केलेला दिसतो. फॅब्रिकेशनवाले त्याला गसेट म्हणतात. रॅक हलू नये म्हणून तो असतो. दिसायला अगदी साधा, पण एका ऑर्डरमध्ये असे शेकड्यांनी लागतात आणि ते सगळे सपाट पत्र्यातून लेझरने कापून घ्यावे लागतात. भोसरी-चाकणपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत असं जॉबवर्क रोज चालतं. मशीन चालू होण्याआधी कॉम्प्युटरवर हे तुकडे पत्र्याच्या चौकटीत बसवण्याचं जे काम होतं, त्याला नेस्टिंग म्हणतात. किती लोखंड कामी येणार आणि किती भंगारात जाणार, हे बहुतेक तिथेच ठरतं.

एक ऑर्डर घेऊन बघू. गसेट काटकोनी, एक बाजू २०० मिलिमीटर, दुसरी १५०, जाडी ३ मिलिमीटर, नग ७२०. पत्रा २५०० बाय १२५० चा, वजन साधारण साडेत्र्याहत्तर किलो. कडेने चारही बाजूंना १० मिलिमीटर सोडायचे आणि दोन तुकड्यांत ५ मिलिमीटरची फट ठेवायची.

सगळ्यात सोपी मांडणी म्हणजे एक त्रिकोण ठेवायचा आणि त्याच्याच प्रती आडव्या-उभ्या ओळींत मारत जायच्या. २०० ची बाजू पत्र्याच्या लांबीकडे ठेवली तर एका ओळीत १२ बसतात आणि ओळी होतात ७, म्हणजे ८४ नग. आठवी ओळ अवघ्या ५ मिलिमीटरने हुकते. पत्र्याचा जेमतेम ४० टक्के भाग कामी येतो, कारण प्रत्येक त्रिकोणाशेजारी तेवढाच दुसरा त्रिकोण रिकामा पडलेला असतो. अशाने ७२० नगांना ९ पत्रे लागतील.

त्या रिकाम्या जागेत दुसरा गसेट उलटा फिरवून बसवायचा, हे कोणालाही सुचेल. दोन तिरप्या कडा समोरासमोर आल्या की दोन त्रिकोणांचा मिळून एक आयत होतो. फक्त तिरप्या कडांमध्येही ५ मिलिमीटरची फट हवी, म्हणून दुसरा त्रिकोण थोडा बाजूला सरकवावा लागतो आणि २०० च्या जागी जोडीची रुंदी २०८ च्या वर जाते. ओळीत ११ जोड्या, ओळी ७, एकूण १५४ नग. आता ५ पत्र्यांत काम होतं.

इथे बरेच जण थांबतात, कारण ८४ वरून १५४ ही उडी मोठी वाटते. पण हीच जोडी काटकोनात फिरवून बघा. १५० ची बाजू लांबीकडे आणि २०० ची रुंदीकडे. आता जोडीची रुंदी १५६.२५ मिलिमीटर होते, ओळीत १५ जोड्या बसतात आणि ६ ओळी रुंदीत जवळजवळ नेमक्या मावतात: १२३० पैकी १२२५ मिलिमीटर वापरले जातात. एकूण १८० नग, पत्र्याचे ८६ टक्के. ७२० नग बरोबर ४ पत्र्यांत निघतात. पहिल्या मांडणीच्या मानाने ५ पत्रे, म्हणजे ३६८ किलो लोखंड वाचलं, आणि त्यासाठी मशीनमध्ये काहीच बदललं नाही.

फट कमी करून नग वाढवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मधल्या मांडणीत ५ ऐवजी ४ मिलिमीटर ठेवले तर ती हुकलेली आठवी ओळ बसते खरी, पण तरीही १७६ च नग निघतात. म्हणून फटीला हात लावण्याआधी फिरवून पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

फट उगीच ठेवलेली नसते. लेझरचा काप स्वतः मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशाएवढाच असतो, पण किरण आधी पत्र्याला भोक पाडतो आणि मग तुकड्याच्या कडेवर येतो. ते भोक कापापेक्षा मोठं आणि खडबडीत असतं. ते तुकड्याच्या बाहेर, फटीतच पाडावं लागतं आणि तिथून कडेपर्यंत यायला काही मिलिमीटरचा रस्ता लागतो. जागा पुरली नाही तर भोक शेजारच्या तुकड्यात घुसतं. कापून आलेल्या गसेटच्या कडेवर, प्रत्येक नगावर त्याच ठिकाणी छोटी खाच दिसली, तर कारण बहुधा हेच. शिवाय तुकडे निघून गेल्यावर उरणारा पत्र्याचा सांगाडा फार बारीक झाला की उष्णतेने वाकतो, वर उचलला जातो आणि मशीनच्या डोक्याला लागतो. जाड पत्र्याला म्हणूनच फट जास्त लागते, आणि प्लाझ्मा कटिंगला लेझरपेक्षा बरीच जास्त.

जोडीतल्या दोन तिरप्या कडा एकाच कापात काढायचीही एक पद्धत आहे. त्यात प्रत्येक जोडीमागे २५० मिलिमीटरचा एक काप वाचतो. ९० जोड्यांना साडेबावीस मीटर. पण पहिला तुकडा सुटताना किंचित हलला तर दुसऱ्याचं माप बिघडतं. गसेटला ते चालून जाईल, घट्ट मापाच्या भागाला चालणार नाही.

फिरवण्याची मोकळीकही दर वेळी मिळत नाही. पत्रा रोलिंग मिलमधून ज्या दिशेने निघतो, त्या दिशेला समांतर घडी घातली तर बाहेरच्या बाजूला तडा जाण्याचा धोका वाढतो, विशेषतः जास्त ताकदीच्या पोलादात आणि कडक ॲल्युमिनियममध्ये. असा वाकवायचा भाग उलटा फिरवता येतो, काटकोनात मात्र फिरवू नये. ब्रश फिनिशच्या स्टेनलेसचंही तसंच, कारण रेघा एका दिशेला दिसायला हव्यात. आपला गसेट सपाटच राहणार, म्हणून १८० चा आकडा जमला. सॉफ्टवेअरला हे आपोआप कळत नाही. डीपनेस्टसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तुकड्यांचा क्रम आणि कोन बदलत असंख्य मांडण्या करून पाहतो, पण कोणता कोन चालेल हे सांगायचं काम माणसाचंच.

१८० गसेट बसवल्यावर पत्र्याच्या एका टोकाला ६६ मिलिमीटर रुंदीची सलग पट्टी उरते. सगळ्या जोड्या एका बाजूला सारल्या असतील तरच ती सलग राहते. त्या जोड्या लांबीभर सारख्या पसरल्या असत्या, तर हीच जागा चार-पाच मिलिमीटरच्या चिरोट्यांत वाटली गेली असती. या पट्टीत ५० मिलिमीटरच्या चौकोनी चकत्या २२ बसतात. रॅकच्या पायाखाली त्या लागतातच. नसतील लागत, तर पट्टी सरळ कापून, तिच्यावर जाडी आणि ग्रेड मार्करने लिहून रॅकवर ठेवावी. ग्रेड न लिहिलेला तुकडा पुढच्या कामात कोणी वापरत नाही.

फाइल मशीनवर पाठवण्याआधी दोन आकडे बघून घ्यावेत. पहिला, कुठलीही एक ओळखीची बाजू मोजून पाहायची. DXF फाइल उघडताना इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली तर २०० ची बाजू ५०८० दिसते, नाहीतर जेमतेम ८. दुसरा आकडा कापाच्या एकूण लांबीचा. आपल्या गसेटचा घेर ६०० मिलिमीटर, म्हणून १८० नगांना १०८ मीटर आणि भोकापासून कडेपर्यंतच्या छोट्या रस्त्यांची थोडी भर. कापाची लांबी २१६ च्या आसपास दिसली, तर ड्रॉइंगमध्ये एका रेषेवर दुसरी तीच रेषा चिकटलेली आहे. पडद्यावर ती दिसत नाही, पण लेझर त्याच वाटेने दुसऱ्यांदा जातो, कड जाळतो आणि सुट्या झालेल्या तुकड्याला धक्का देतो. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला, तर एखाद्या त्रिकोणाची रेषा कोपऱ्यात जुळलेली नाही आणि प्रोग्रॅमने तो बाहेर टाकला आहे. मग नग मोजून, ती रेषा जोडून, मांडणी पुन्हा करायची.