५१ तासांचे ३ तास का दिसतात?

भोसरीतल्या एखाद्या लहानशा लेथ वर्कशॉपचं हजेरीपत्रक डोळ्यांसमोर आणा. एका कामगाराचे सोमवार ते शनिवारचे तास एक्सेलमध्ये एकाखाली एक भरलेले आहेत : 8:30, 8:45, 8:15, 9:00, 8:30 आणि 8:00. बोटांवर मोजले तरी बेरीज ५१ तास येते. खालच्या चौकटीत मात्र उत्तर दिसतं 3:00. सूत्र बरोबर आहे, आकडे बरोबर आहेत, तरीही सहा दिवस राबलेल्या माणसाच्या नावापुढे तीनच तास लागलेले.

याचं मूळ बेरजेत नाही, पहिल्या नोंदीतच आहे. आपण 8:30 लिहितो तेव्हा आपल्या मनात ‘साडेआठ तास काम’ असतं. एक्सेल मात्र ते ‘सकाळचे साडेआठ’ असं वाचतं. काम किती वेळ चाललं आणि घड्याळात किती वाजले, या दोन गोष्टी आपल्यासाठी वेगळ्या आहेत. एक्सेल दोन्ही एकाच प्रकारच्या संख्येत साठवतं. त्या संख्येचं एकक तास नसून दिवस आहे. पूर्ण दिवस म्हणजे 1, दुपारचे बारा म्हणजे 0.5, सकाळचे सहा म्हणजे 0.25. त्या हिशेबाने 8:30 म्हणजे सुमारे 0.354.

आता बेरीज करा. सहा दिवसांचे अपूर्णांक मिळून 2.125 होतात, म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि एका दिवसाचा आठवा भाग. दोन दिवसांचे ४८ तास आणि आठव्या भागाचे ३, एकूण ५१. एक्सेलने काहीच हरवलेलं नाही. फक्त त्या चौकटीला h:mm हा फॉरमॅट लागलेला आहे. बेरजेचं सूत्र लिहिताना एक्सेल वरच्या चौकटींचाच फॉरमॅट खाली उचलतं, म्हणून तो आपोआप येतो. आणि h:mm चं काम ‘किती वाजले’ एवढंच सांगण्याचं. एक्सेल दिवस १ जानेवारी १९०० पासून मोजतं, त्यामुळे त्याच्या लेखी 2.125 म्हणजे २ जानेवारी १९००, पहाटेचे तीन. भिंतीवरचं घड्याळ जसं तारीख सांगत नाही, तसा हा फॉरमॅट दिवस गाळतो आणि नुसतं 3:00 दाखवतो.

तुकड्यातुकड्याने बेरीज पाहिली तर हे कुठे घडतं ते नेमकं कळतं. मंगळवार संपताना एकूण 17:15 दिसतं, ते बरोबर आहे. बुधवारचे सव्वाआठ तास मिळवले की खरी बेरीज साडेपंचवीस तास होते आणि पडद्यावर येतं 1:30. चोवीसचा उंबरठा ओलांडला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

गंमत म्हणजे एखाद्या रिकाम्या चौकटीत 51:00 असं थेट लिहिलं तर एक्सेल 51:00:00 असं नीट दाखवतं. हाताने लिहिलेला आकडा चोवीसच्या पुढचा दिसला की ते स्वतःहून वेगळा फॉरमॅट लावतं. त्यामुळे लिहिलेलं बरोबर आणि बेरीज चूक, असं दिसून लोक सूत्रातच दोष शोधत बसतात.

उपाय दोन चौकटी कंसांचा आहे. बेरजेची चौकट निवडून Ctrl+1 दाबा, Number टॅबमध्ये Custom निवडा आणि Type च्या रकान्यात हे लिहा :

```
[h]:mm
```

कंसातला h एक्सेलला सांगतो की तास चोवीसला थांबवू नकोस, मोजत जा. लगेच 51:00 दिसेल. गूगल शीट्समध्ये Format, मग Number, मग Duration निवडलं की हेच होतं.

दिसणं सुधारलं तरी पैशांचा हिशेब उरतोच. समजा मजुरी तासाला १०० रुपये आहे आणि बेरीज B8 या चौकटीत आहे. B8 ला थेट १०० ने गुणलं तर उत्तर ५,१०० येत नाही, २१२.५० येतं, कारण आत साठवलेली संख्या 2.125 आहे. ही चूक फॉरमॅट बदलून सुटत नाही. आधी दिवसांचे तास करावे लागतात :

```
=B8*24*100
```

या सूत्राच्या चौकटीला साधा Number फॉरमॅट द्यायचा, वेळेचा नाही.

ओव्हरटाइममध्ये तर आणखी एक चकवा आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर ठरवला. ४८ तास म्हणजे नेमके दोन दिवस. म्हणून आपल्या कामगाराच्या बेरजेत जे 3:00 दिसतं, तोच योगायोगाने त्याचा साप्ताहिक ओव्हरटाइम आहे. कोणी तो आकडा ओव्हरटाइम समजून वापरला तर त्या आठवड्यात हिशेब बरोबर येईल आणि रीत पक्की होईल. पुढच्या आठवड्यात शेजारच्या कामगाराचे ४६ तास भरले की त्याच चौकटीत 22:00 दिसेल. ज्याचा एक तासही ओव्हरटाइम नाही, त्याच्या नावावर बावीस तास चढतील. खरं सूत्र हे :

```
=MAX(0,B8*24-48)
```

पहिल्या कामगाराला यातून ३ मिळतात, दुसऱ्याला ०. पहिल्याची मजुरी ४८ तासांचे ४,८०० आणि तीन तासांचे दुप्पट दराने ६००, मिळून ५,४०० रुपये.

या 22:00 मुळेच हा दोष लवकर पकडला जात नाही. ५१ च्या जागी ३ दिसले तर कोणाच्याही नजरेत भरतं. ४६ च्या जागी २२ दिसले तर अर्धवेळ कामगार असेल म्हणून ते खपून जातं. शंका आली तर चौकटीचा फॉरमॅट General करून पाहावा. आकडा 1 पेक्षा मोठा निघाला तर h:mm तिथे काहीतरी लपवत होता हे नक्की.

इथवर सगळं नुसतं दिसण्यापुरतं आहे, मूळ संख्या शाबूत असते. पण दोन ठिकाणी ती खरोखर हरवते. पत्रक सीएसव्ही फाइल म्हणून साठवलं की एक्सेल पडद्यावर दिसणारा मजकूरच लिहितं, म्हणून फाइलमध्ये 3:00 जातं आणि मागचे दोन दिवस परत मिळत नाहीत. पगारचिठ्ठीसाठी TEXT(B8,"h:mm") वापरलं तरी हाती 3:00 हा नुसता मजकूर येतो. तिथे "[h]:mm" च लिहायला हवं. HOUR(B8) सुद्धा ३ च सांगतं, कारण ते फंक्शन ० ते २३ याबाहेर जातच नाही.

हजेरीपत्रक तुमच्या हाताखालून जात असेल, तर बेरजेच्या शेजारी =B8*24 चा एक रकाना कायमचा ठेवा आणि मजुरी त्याच रकान्यावरून काढा. फाइल बाहेर पाठवण्याआधी दोन्ही आकडे जुळतात का ते पाहा; जुळले नाहीत, तर पगार वाटपाआधी फॉरमॅट दुरुस्त करा.