भिंतीवरचं ध्येयवाक्य वर्गात कसं उतरतं?

‘सर्वांगीण विकास’ हे शब्द कोणत्याही शाळेच्या भिंतीवर शोभतात. म्हणूनच त्यांतून काय करायचं ते कळत नाही.

मसुदा करताना मुख्याध्यापकांनी शिक्षक, लिपिक, शिपाई अशा सर्वांना निनावी चिठ्ठ्या द्याव्यात. प्रश्न एकच: शाळा सोडताना मुलाला काय यायला हवं? आधी बोलणं सुरू झालं, तर सगळे ज्येष्ठांचीच री ओढतात.

समजा, बहुतेक चिठ्ठ्यांत वाचन आलं. मग ध्येय असं लिहिता येईल: ‘तिसरी संपताना प्रत्येक मूल अनोळखी उतारा वाचून त्याचा अर्थ सांगेल.’

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समिती विकास आराखडा करते. त्यात यंदाचं उद्दिष्ट, जबाबदार शिक्षक आणि जून, डिसेंबर, मार्चमधल्या वाचन चाचण्या नोंदवाव्यात. डिसेंबरमध्ये आकडा हलला नसेल, तर वेळापत्रक बदलावं, ध्येयवाक्य नव्हे.